सोनोग्राफी नॉर्मल, तरी औषध आजच

२४ वर्षांची एक स्त्री, अशी कल्पना करू, आठवडाभर ओटीपोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात येते. ताप नाही. अंगावरून पांढरं जरा जास्त जातंय, संबंधाच्या वेळी दुखतं. सोनोग्राफी नॉर्मल आहे. गर्भधारणेची चाचणी मुद्दाम केली, कारण नळीत अडकलेला गर्भही असाच दुखतो, तीही निगेटिव्ह. आतून तपासताना डॉक्टरांनी गर्भाशयाचं तोंड बोटाने हलकेच सरकवलं, तशी ती कळवळली.

निदान बहुतेक वेळा या कळवळण्यावरच होतं. दुखण्याचं दुसरं कारण सापडत नसेल आणि गर्भाशय किंवा त्याच्या बाजूला दाबल्यावर दुखत असेल, तर गर्भाशय-नलिकांचा संसर्ग, म्हणजे पीआयडी, धरून उपचार सुरू करतात. क्लॅमिडिया आणि गोनोरिया या संबंधातून पसरणाऱ्या संसर्गांसाठी स्वॅब पाठवायचा, पण अहवालाची वाट पाहायची नाही. तो निगेटिव्ह आला तरी आजार नाही असं ठरत नाही, कारण नमुना गर्भाशयाच्या तोंडाचा असतो आणि दाह वर नळीत. काही जणींना विनाकारण औषध दिलं जाईल, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. मला तो सौदा पटतो.

जंतू बहुधा एकाच जातीचे नसतात, म्हणून औषधं तीन. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२१च्या मार्गदर्शनानुसार सेफ्ट्रिॲक्सोन ५०० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन गोनोरियासाठी. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मुख्यतः क्लॅमिडियासाठी. आणि ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंसाठी मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम, तेही दोनदा. गोळ्या पूर्ण १४ दिवस. गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन टाळतात. ७२ तासांत फरक पडला नाही तर पुन्हा तपासणी हवी. नळीजवळ पू साचला असेल किंवा निदानच चुकलं असेल. गोची चौथ्या-पाचव्या दिवशी होते: दुखणं थांबतं आणि गोळ्याही थांबतात. जोडीदाराचा उपचार राहिला तर संसर्ग परत येऊ शकतो.

एवढी घाई नळीसाठी. तिच्या आतल्या सूक्ष्म केसांच्या हालचालीमुळे बीज गर्भाशयाकडे सरकतं. दाहात हे केस झडतात, नळीच्या घड्या एकमेकींना चिकटतात. औषध जंतू मारतं, झालेली इजा भरून काढत नाही. स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांनी दुर्बिणीने निदान पक्कं झालेल्या स्त्रियांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. नळ्यांमुळे आलेलं वंध्यत्व एका आजारपणानंतर सुमारे ८ टक्के, दोनांनंतर जवळपास २० आणि तीन किंवा अधिक वेळा झाल्यावर ४० टक्के स्त्रियांमध्ये दिसलं.

काहींचं ओटीपोट पुढे महिनोन्‌महिने दुखत राहतं, जंतू गेल्यावरही. मागे राहिलेल्या चिकटलेल्या पडद्यांना आणि चेताळलेल्या नसांना प्रतिजैविकांचा उपयोग नाही. तिथे वेदनेचाच उपचार करावा लागतो. नळी अर्धवट खराब झाली असेल तर गर्भ वाटेतच रुजू शकतो. म्हणून पीआयडी होऊन गेलेल्या स्त्रीची पाळी चुकली, की गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे सोनोग्राफीने लवकर पाहून घेतात.