व्याजदर वाढले की रोख्याची किंमत का उतरते? ड्युरेशनच्या आधारे खुलासा

व्याजदर वाढल्यानंतरच्या विवरणपत्रात रोख्याची किंमत घटलेली दिसली, की कर्ज घेणारी संस्था अडचणीत आली की काय, अशी विचारणा आमच्याकडे हमखास होते. बहुतेक वेळा तसे काही झालेले नसते. रोख्यावरचे व्याज, म्हणजेच कूपन, आधीच ठरलेले असते आणि बाजारातील दर वाढला तरी ते वाढत नाही. त्यामुळे नव्या दराने व्याज मिळू शकणारा खरेदीदार जुना रोखा स्वस्त मिळाला तरच घेतो.

किंमत किती उतरेल, हे मात्र त्या रोख्याचे पैसे सरासरी किती उशिरा हाती येतात यावर अवलंबून असते, आणि ड्युरेशन हेच मोजते. समजा, १,००० दर्शनी किमतीचा, दरसाल ६ टक्के व्याजाचा आणि ५ वर्षे मुदतीचा रोखा आहे व बाजारातील दरही ६ टक्केच आहे. पहिल्या वर्षाअखेर मिळणाऱ्या ६० चे आजचे मूल्य सुमारे ५६.६० भरते, तर पाचव्या वर्षी मुद्दलासह मिळणाऱ्या १,०६० चे सुमारे ७९२.१०. प्रत्येक रकमेच्या आजच्या मूल्याला ती किती वर्षांनी मिळणार त्या आकड्याने गुणून बेरीज केली आणि तिला एकूण किमतीने, म्हणजे १,००० ने, भागले, की ४.४७ वर्षे हे ड्युरेशन येते. मुदतीपेक्षा ते थोडे कमी आहे, कारण व्याजाचे हप्ते आधीच हाती पडत असतात.

या आकड्याला १.०६ ने भागल्यावर येणारे ४.२१ हे मॉडिफाइड ड्युरेशन होय. दर १ टक्क्याने वाढल्यास किंमत साधारण ४.२१ टक्के उतरेल, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्ष हिशेब केला तर दर ७ टक्के होताच किंमत ९५९ वर येते, म्हणजे घट ४.१ टक्के. हा किरकोळ फरक पडतो, कारण किंमत आणि दर यांचे नाते सरळ रेषेचे नसून वक्र आहे. दर ९ टक्क्यांवर गेल्यास अंदाजाने घट १२.६ टक्के निघते, प्रत्यक्षात ती ११.७ टक्के असते. म्हणून दरातील मोठ्या बदलांसाठी केवळ ड्युरेशनवर विसंबू नये.

आमच्या मते ड्युरेशनचा अधिक उपयोगी अर्थ वेगळाच आहे. दर वाढल्यावर किंमत उतरते खरी, पण हाती येणारे व्याज पुढे चढ्या दराने गुंतवता येते. वरील रोखा घेतल्याबरोबर दर ७ टक्के झाला आणि तेथेच राहिला, तर सुमारे साडेचार वर्षांनी हा तोटा भरून निघतो आणि एकूण रक्कम दर ६ टक्केच राहिला असता तितकीच, म्हणजे सुमारे १,२९७ होते. त्याआधी पैसे लागणार असतील, तर याहून कमी ड्युरेशनचा रोखा निवडावा. बाजारदरानुसार ज्यांचे व्याज बदलत राहते, त्या रोख्यांना हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही.