हुकलेली उमेदवार आणि नाकारलेला उमेदवार: जुन्या यादीतून कोणाला फोन करायचा?

पाच महिन्यांपूर्वी सीनियर डेटा अ‍ॅनालिस्टची एक जागा भरली. आता दुसऱ्या टीममध्ये जवळपास तशीच जागा निघाली आहे. रिक्रूटर जुनी भरती उघडतो, तर शेवटच्या फेरीपर्यंत आलेली दोन नावं समोर दिसतात. दोघांपुढे शेरा एकच आहे: ‘अंतिम फेरीनंतर नाकारले’. एकीची सरासरी ३.२५ आणि दुसऱ्याची ३.५, म्हणून पहिला फोन दुसऱ्याला जातो. मीही असा फोन केलेला आहे आणि तो चुकीच्या माणसाला गेला होता.

या दोन नावांमागे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एकीला घ्यायला सगळे तयार होते, पण जागा एकच होती आणि ती दुसऱ्या कोणाला मिळाली. आमच्या धंद्यात अशांना ‘सिल्व्हर मेडलिस्ट’ म्हणतात. दुसरा तितक्याच फेऱ्या पार करून आला, पण शेवटी त्याला घ्यायचं नाही असंच ठरलं. जागा दोन असत्या तरी त्याला ऑफर गेली नसती. नेमका हाच प्रश्न जुन्या नोंदीला विचारायचा: त्या दिवशी दोन जागा असत्या तर या व्यक्तीला ऑफर गेली असती का?

याचं उत्तर सरासरीत सापडत नाही. चार मुलाखतकारांनी १ ते ४ गुण द्यायचे, ३ म्हणजे ‘घ्यावं’ आणि २ म्हणजे ‘घेऊ नये’, अशी पद्धत धरा. पहिल्या उमेदवाराचे गुण ३, ४, ३, ३. दुसऱ्याचे ४, ४, २, ४. बेरीज दुसऱ्याची जास्त, पण तो २ कुठे पडला ते पाहा. एसक्यूएल, केस स्टडी आणि मॅनेजरबरोबरच्या गप्पा, तिन्हीकडे तो उत्तम होता. २ पडला तो इतर विभागांशी काम करण्याच्या फेरीत. तिथल्या नोंदीत लिहिलं होतं: ‘आकड्यावर शंका घेतली की पुरावा न देता उत्तर बदलतो, दोनदा झालं.’ त्या कामात अ‍ॅनालिस्टला दर आठवड्याला विक्री विभागासमोर आकडे मांडून ते टिकवायचे होते. म्हणजे हा गुण अत्यावश्यक होता, आणि अत्यावश्यक गोष्टीतली उणीव बाकीच्या फेऱ्यांमध्ये ४ मिळाल्याने भरून निघत नाही. डिब्रीफमध्ये, म्हणजे मुलाखतींनंतर सगळे मुलाखतकार मिळून निर्णय घेतात त्या बैठकीत, निर्णयही तसाच लिहिला होता.

पहिलीच्या डिब्रीफमध्ये मात्र चारही जण ‘घ्यावं’ म्हणाले होते. ज्याला जागा मिळाली त्याने त्याच बाजारपेठेवर आधी काम केलं होतं, एवढाच फरक होता.

म्हणून यादी बघताना क्रम असा ठेवावा: आधी डिब्रीफमधला निर्णय, मग प्रत्येक फेरीची लेखी नोंद, आणि सरासरी अगदी शेवटी. डिब्रीफची नोंदच नसेल तर जुन्या मुलाखतकाराला विचारावं. पण ‘छान होती, आवडली होती’ यापलीकडे काही आठवत नसेल, तर त्या उमेदवाराला नव्याने आलेला समजून पूर्ण प्रक्रियेतून न्यावं. धूसर आठवणीवर फेऱ्या गाळणं उमेदवारावर आणि नव्या मॅनेजरवर, दोघांवरही अन्याय आहे.

पुढचा फरक फोनवर दिसतो. सिल्व्हर मेडलिस्टला फोन करण्यापूर्वी मी एक गोष्ट आवर्जून पाहते, ती म्हणजे मागच्या वेळी आपण तिला नेमकं काय कळवलं होतं. शेवटच्या फेरीनंतर तीन आठवडे वाट पाहायला लावून एक साचेबंद मेल पाठवला असेल, तर त्याबद्दल माफी आधी मागायची, नव्या जागेचा विषय नंतर काढायचा. आमचं बोलणं साधारण असं झालं:

‘मॅडम, मागच्या वेळी निर्णय कळवायला आम्ही फार वेळ लावला, त्याबद्दल माफ करा. तेव्हा तुम्हाला घ्यायला चारही मुलाखतकार तयार होते, पण जागा एकच होती. आता प्रॉडक्ट टीममध्ये एक जागा निघाली आहे. ऐकायची इच्छा आहे का?’

‘म्हणजे मी तुमची दुसरी पसंती होते.’

‘त्या जागेसाठी, हो. या जागेसाठी अजून कोणाशीच बोललेलो नाही, पहिला फोन तुम्हालाच केला आहे.’

इथे खरं बोलणंच कामी येतं, आणि ‘तुमचं जवळपास झालंच आहे’ हे वाक्य मात्र चुकूनही बोलू नये. नव्या मॅनेजरने तिला पाहिलेलंही नसतं. दुसऱ्यांदा नकार आला तर ती आपला फोन पुन्हा उचलणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

त्याच फोनवर जुनी माहिती ताजी करून घ्यावी. पगाराची अपेक्षा, नोटीस पिरियड, दरम्यान बदललेली नोकरी किंवा बढती, आणि मुख्य म्हणजे अजून बदल हवा आहे का, हे विचारायचं. कौशल्याचे गुण पाच महिन्यांत फारसे शिळे होत नाहीत, पण या गोष्टी होतात. मागच्या वेळी ती दुसरीकडे जायला उत्सुक होती, म्हणून आजही असेल असं धरून चालू नये.

मग कोणत्या फेऱ्या पुन्हा घ्यायच्या? चारही परत घेतल्या तर ‘आम्ही तुम्हाला ओळखतो’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. एकही न घेता ऑफर दिली, तर दोन जागांमधला फरक तपासायचा राहून जातो. या जागेत अ‍ॅनालिस्टला ए/बी टेस्टची, म्हणजे दोन पर्याय वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करायच्या प्रयोगाची, आखणी करायची होती आणि मागच्या वेळी तो भाग कोणी विचारलाच नव्हता. म्हणून एसक्यूएल आणि केस स्टडी गाळली, प्रयोगांच्या आखणीची एक फेरी आणि नव्या मॅनेजरची एक, अशा दोनच ठेवल्या. मॅनेजरला गाळलेल्या फेऱ्यांच्या लेखी नोंदी दिल्या, पण गुण दिले नाहीत. आधी आकडा पाहिला की मुलाखत त्या आकड्याभोवतीच फिरते.

आता दुसरा उमेदवार. त्याला कधीच फोन करायचा नाही असं नाही. नव्या कामात आकडे इतर विभागांसमोर मांडायचेच नसतील, तर ती उणीव आड येत नाही. किंवा दीड-दोन वर्षं गेली असतील आणि त्याने मधल्या काळात नेमकं तेच काम केलं असेल, तरी फोन योग्य आहे. पण तो फोन वेगळा असतो. ‘तुम्ही थोडक्यात हुकलात’ असं त्याला सांगणं खोटं ठरेल. त्याला सांगायचं की नवी जागा आहे, प्रक्रिया नव्याने होईल आणि इतर विभागांशी काम करण्याची फेरी तर नक्की होईल. जुना चांगला भाग तांत्रिक फेरीपुरता वापरता येतो, जिथे २ पडला होता तिथे नाही.

माझ्या चुकीच्या फोनमध्ये हेच उलटं झालं होतं. तेव्हा अशाच एका उमेदवाराला मी थेट शेवटच्या टप्प्यावर नेलं, इतर विभागांची फेरी ‘आधी झाली आहे’ म्हणून गाळली, आणि नव्या मॅनेजरने अर्ध्या तासात तीच उणीव शोधली. त्या माणसाला एकाच कारणासाठी दोनदा नकार ऐकावा लागला, तोही माझ्यामुळे.

तेव्हापासून भरती बंद करताना मी ‘अंतिम फेरीनंतर नाकारले’ हा शेरा वापरत नाही. त्याऐवजी दोन ठेवले आहेत. एक, ‘घेण्यायोग्य, जागा भरली’. दुसरा, ‘घेऊ नये’, आणि त्यापुढे कोणत्या गुणामुळे ते एका ओळीत. डिब्रीफ संपल्यावर सगळे उठायच्या आत, सगळ्यांना विचारून, मी तिथेच तो भरते.