शो नोट्स व कीवर्ड यादी (पॉडकास्ट)

पॉडकास्टच्या भागासोबत दिला जाणारा लेखी सारांश व वेळखुणा म्हणजे शो नोट्स. शोधात तो भाग सापडावा म्हणून निवडलेले शब्द म्हणजे कीवर्ड यादी. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द बेन हॅमर्सली यांनी फेब्रुवारी 2004 मध्ये ‘द गार्डियन’मध्ये प्रथम वापरला, असे सामान्यतः मानतात. शो नोट्सची रीत त्याआधीच्या ऑडिओ ब्लॉगांपासून चालत आली असावी.

मराठी ट्रान्स्क्रिप्टमधून कीवर्ड काढताना मुख्य अडचण सामान्यरूपाची येते. लातूरकडच्या शेतकऱ्याशी तुरीच्या पिकावर झालेली 40 मिनिटांची मुलाखत घेऊ. तिच्यात नुसती ‘तूर’ कमी, आणि ‘तुरीला’, ‘तुरीवर’, ‘तुरीचा’ हीच रूपे अधिक असतात. शब्दांची सरळ मोजणी केली की ही रूपे वेगवेगळी धरली जातात आणि मुलाखतीचा विषयच यादीत खाली घसरतो. प्रत्यय तोडले तरी ‘तुरी’ उरते, ‘तूर’ नव्हे. ‘विहिरी’चे ‘विहीर’, ‘जालन्या’चे ‘जालना’ हे वाचून हाताने करणेच खात्रीचे.

दुसरा घोळ डोळ्यांना दिसत नाही. ‘शेतकऱ्यांना’ यातला ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो:

```
U+0931 U+094D U+092F
U+0930 U+094D U+200D U+092F
```

पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधाला ते दोन शब्द वाटतात. समोर दिसणारा शब्द टंकून शोधला आणि सापडला नाही, तर कारण बहुधा हेच. मोजणीपूर्वी सगळीकडे पहिले रूप करून घ्यावे.

‘मर’ हा रोग एकटा लिहिला तर ‘मरणे’च्या रूपांत मिसळतो, ‘तुरीवरील मर रोग’ असा पूर्ण शब्दगट द्यावा. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे वाण ट्रान्स्क्रिप्टमध्ये ‘बीडीएन सातशे अकरा’ असे उतरले असेल, तर ‘बीडीएन 711’ करावे. मळणीला या भागात ‘रास’ म्हणतात. बोलणाऱ्याचा शब्द नोट्समध्ये तसाच ठेवावा, यादीत मात्र दोन्ही द्यावेत. धाराशिवसोबत उस्मानाबादही हवे, कारण जुन्या नावाने शोधणारे अजून आहेत. अशा 8 ते 12 नोंदी पुरतात.

सारांश दोन-तीन वाक्यांचा असावा. वेळखुणा विषय बदलतो तिथे, 5 ते 7, आणि संपादन पूर्ण झालेल्या ध्वनिफितीवरूनच घ्याव्यात. ट्रान्स्क्रिप्ट बहुधा कच्च्या ध्वनिमुद्रणाची असते. तपासताना पहिली आणि शेवटची खूण ऐकावी. दोन्ही सारख्याच सेकंदांनी चुकत असतील तर सुरुवातीला जाहिरात किंवा संगीत जोडले गेले आहे, आणि सर्व खुणांत तेवढीच भर घालून भागते. चूक पुढेपुढे वाढत असेल तर मधले तुकडे कापले आहेत. मग प्रत्येक खूण ऐकूनच नव्याने लावावी लागते.