एकाच फोनवर दोघांचा गेम: आकड्यांची भिंत

माझ्या भाचीने सुट्टीभर खेळून एका गेमच्या ६२व्या लेव्हलपर्यंत मजल मारली होती. तिच्या धाकट्या भावाने त्याच फोनवर ‘नवा खेळ’ दाबला आणि सगळं पुसलं गेलं. घरात रडारड झाली. ‘फोन एक म्हणजे गेमही एकच’ हा समज मात्र चुकीचा आहे.

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आहे. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि तो क्रमांकाने ओळखला जातो. पूर्वी हा क्रमांक माणसाला मिळायचा. अँड्रॉइडने तो अ‍ॅपला दिला, त्यामुळे एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या खासगी फाइली उघडता येत नाहीत. पुढे एका यंत्रावर अनेक माणसांची सोय करायची वेळ आली (फोनवर ती २०१४च्या ५.० आवृत्तीत आली), तेव्हा त्याच क्रमांकात माणूसही बसवला. शेवटचे पाच आकडे अ‍ॅपचे, त्याआधीचे माणसाचे.

समजा गेमचा क्रमांक १०१४५ आहे. फोनचा मालक ० क्रमांकाचा, म्हणून त्याच्याकडे तो १०१४५च राहतो. दुसऱ्या माणसासाठी त्याच फोनवर वेगळा कप्पा उघडता येतो, त्याला प्रोफाइल म्हणतात. नव्या प्रोफाइलला बहुधा १० क्रमांक मिळतो. १० गुणिले १,००,००० अधिक १०१४५, म्हणजे १०१०१४५. भाचीची प्रगती `/data/user/0` मध्ये, भावाची `/data/user/10` मध्ये. गेम तोच, पण लिनक्सच्या लेखी मालक दोन! मला ही युक्ती फार आवडते.

गेमची मूळ फाइल फोनमध्ये एकदाच राहते. गेम उघडल्यावर तो जे जादा उतरवून घेतो, ते मात्र दोघांसाठी वेगळं साठतं आणि जागा खातं. एवढी सोय फोनमध्येच असताना ‘अ‍ॅपची जुळी प्रत’ बनवून देणाऱ्या अनोळखी अ‍ॅपच्या जाहिरातींना भुलू नका. तुमचा गेम आणि त्यातलं लॉगिन अशा अ‍ॅपच्या हाती जातं.

प्रोफाइल Settings → System मध्ये Users किंवा Multiple users या नावाने सापडतं. काही कंपन्या ते काढून टाकतात, आणि आयफोनमध्ये ते नाहीच. तिथेच Guest असतो, पण तो पाहुण्यापुरता. बाहेर पडताना त्यातलं सगळं पुसलं जाऊ शकतं, म्हणून रोजच्या खेळाला तो नको.

ही भिंत फोनमधल्या फाइलींपुरती आहे. बरेच गेम प्रगती कंपनीच्या सर्व्हरवर, खात्याच्या नावाने ठेवतात. दोन्ही प्रोफाइलमध्ये एकच गूगल खातं घातलं, तर भावाच्या नव्या प्रोफाइलमध्येही भाचीची लेव्हल येऊन बसू शकते. म्हणून नव्या प्रोफाइलमध्ये गेम पहिल्यांदा उघडला की लेव्हल पाहायची. ती १ नसेल, तर काही खेळण्याआधी गेमच्या सेटिंगमध्ये कोणतं खातं जोडलंय ते तपासायचं. आम्ही भावाला वेगळं खातं उघडून दिलं. भाचीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता ती २३व्या लेव्हलवर आहे, भाऊ ९व्या.