भूलभुलैया सोडवायला चेहरा कशाला लागतो?

‘देखणी माणसं आत्मविश्वासानं वागतात, म्हणून त्यांना पगार जास्त मिळतो. यात भेदभाव कसला?’ लुकिझमचा, म्हणजे रूपावरून होणाऱ्या भेदभावाचा, विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. तो तपासून पाहता येतो, आणि तपासलाही गेला आहे.

पगारात फरक पडतो हे आधीच दिसलं होतं. डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल या अर्थशास्त्रज्ञांनी 1994 साली अमेरिका आणि कॅनडातल्या सर्वेक्षणांवरून दाखवलं, की ज्यांचं रूप सामान्यापेक्षा कमी मानलं गेलं त्यांची कमाई सामान्य रूपाच्या लोकांपेक्षा साधारण 5 ते 10 टक्क्यांनी कमी होती. पण हा फरक कुठून येतो? कौशल्यातून, आत्मविश्वासातून, की समोरच्याच्या नजरेतून?

ही गाठ मार्कस मोबियस आणि तान्या रोझेनब्लाट यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फार सुंदर सोडवली आहे. अर्जेंटिनातल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यांनी ‘कामगार’ केलं, काहींना ‘मालक’. काम काय, तर संगणकावर 15 मिनिटांत जमतील तितके भूलभुलैये सोडवायचे. कामाची निवड नेमकी आहे, कारण त्यात रूपाचा काडीचाही उपयोग नाही. देखण्या कामगारांनी जास्त भूलभुलैये सोडवले नाहीत. आपण किती सोडवू याचा अंदाज कामगारानं आधीच द्यायचा होता. त्यावरून त्याचा आत्मविश्वास मोजला गेला.

मग मालकांनी मजुरी ठरवली. एका मालकाला फक्त माहितीपत्रक मिळालं, त्यात सरावाच्या भूलभुलैयाला लागलेला वेळही होता. दुसऱ्याला त्यासोबत फोटो मिळाला. तिसरा फोनवर बोलला, पण त्यानं चेहरा पाहिला नाही. चौथ्याला फोटो आणि फोन दोन्ही मिळाले, पाचव्यानं समोरासमोर मुलाखत घेतली. कामगार तोच, काम तेच. बदलत गेलं ते फक्त मालकाला काय कळतं एवढंच.

निव्वळ कागद पाहणाऱ्या मालकानं देखण्यांना जास्त मजुरी दिली नाही. फोटो दिसताच ती वाढली. गंमत पुढे आहे: चेहरा न पाहता फोनवर बोललेल्या मालकांनीही देखण्या कामगारांना जास्त मजुरी दिली. त्यांचं बोलणं अधिक छाप पाडणारं होतं, आणि त्या छापेवरून भूलभुलैया सोडवण्याची कुवत जोखली गेली. एकूण फरकात आत्मविश्वासाचा वाटा 15 ते 20 टक्के निघाला. उरलेला पाहण्याचा आणि बोलण्याचा जवळजवळ सारखा. म्हणजे सुरुवातीच्या आक्षेपातला आत्मविश्वास खरा आहे, पण तो सगळ्यात लहान हिस्सा आहे.

चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचं सामुद्रिक याच चुकीला शास्त्राचा मुलामा देतं. मालकांची चूक तीच होती: दिसण्यावरून कर्तबगारी वाचणं.

आता कायद्याकडे येऊ. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यानं 1976 साली उंची आणि वजन यांवरून भेदभाव करायला बंदी घातली. या दोन गोष्टी मोजता येतात, त्यामुळे खटला चालवणं सोपं. पण चेहरा त्यात येत नाही. वॉशिंग्टन शहराच्या 1977 च्या कायद्यात थेट ‘व्यक्तिगत रूप’ आहे. स्वच्छता, गणवेश किंवा व्यवसायाला वाजवीपणे लागणारे नियम सगळ्यांना सारखे लावले तर मात्र सूट मिळते. फ्रान्सनं 2001 मध्ये ‘शारीरिक रूप’ कायद्यात घातलं. तिथे अर्जदारानं भेदभावाची शंका येण्याजोगी तथ्यं मांडली, की खुलासा करण्याची जबाबदारी मालकावर जाते.

माझ्या मते असं संरक्षण हवंच. पण अडचण पुराव्याची आहे. ‘तुझा चेहरा आवडला नाही’ असं कुणी लिहून देत नाही, आणि मालकाला स्वतःलाही ते ठाऊक नसतं. म्हणून कायद्यानं नोंद मागावी. कामाचा नमुना आधी तपासायचा, नाव आणि फोटो झाकून. गुण लिहून बंद करायचे. मुलाखत त्यानंतर, सर्वांना तेच प्रश्न विचारून. समजा एका उमेदवाराला नमुन्यात 100 पैकी 82 आणि दुसऱ्याला 64 गुण मिळाले, आणि मुलाखतीनंतर दुसऱ्याची निवड झाली. मालकाला सांगावं लागेल की मुलाखतीत कामाला लागणारं काय दिसलं, जे नमुन्यात दिसलं नव्हतं. ग्राहकांशी बोलायचं काम असेल तर उत्तर सापडेल. हिशेब तपासायचं असेल तर ‘छाप चांगली पडली’ हे उत्तर पुरणार नाही.

एका निवडीवरून मात्र काही सिद्ध होत नाही, तो योगायोगही असू शकतो. अशा बऱ्याच निवडी गोळा करून, निकाल माहीत नसलेल्या लोकांकडून उमेदवारांच्या फोटोंना गुण द्यायला लावले, आणि नमुन्याचे गुण सारखे असतानाही वर सरकलेले उमेदवार सातत्यानं देखणेच निघाले, तर तो पुरावा न्यायालयात मांडण्याजोगा होतो. फक्त फोटो मागायला बंदी घालून हे साधणार नाही. फोन उचलला की फरकाचा दुसरा मोठा हिस्सा आत येतोच.