सीडीतले आकडे डॅकपर्यंत जसेच्या तसे पोहोचतात का?

टेबलावरच्या संगणकाला यूएसबी केबलने बाहेरचा डॅक जोडला, त्यातून हेडफोन लावले आणि सीडीवरून उतरवून घेतलेली फ्लॅक फाइल सुरू केली, की ऐकणाऱ्याची साहजिक समजूत अशी होते की फाइलमध्ये जे आहे तेच डॅककडे जात आहे. विंडोजमध्ये, सेटिंग न बदलता, ही समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते. डॅकचे काम मिळालेल्या आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करण्याचे असते आणि ते तो चोख करतो. पण त्याच्या हाती आलेले आकडे वाटेत बदललेले असतील, तर ते ओळखण्याचे त्याच्याजवळ कोणतेही साधन नसते.

हा बदल कोठे होतो हे समजण्यासाठी संगणकाची अडचण लक्षात घ्यावी लागते. एकाच वेळी गाणे चालू असते, ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ उघडा असतो आणि मेल आल्याची घंटीही वाजते. डॅकला मात्र आकड्यांचा एकच प्रवाह हवा असतो. म्हणून विस्टापासून विंडोजमध्ये वासापी नावाची जी ध्वनिव्यवस्था आहे, तिच्या शेअर्ड मोडमध्ये सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एका मिक्सरमध्ये जमा होतात. तेथे त्यांचे ३२ बिटांच्या दशांश आकड्यांत रूपांतर होते, त्यांची बेरीज होते आणि ती बेरीज यंत्रासाठी आधीच ठरवून ठेवलेल्या एकाच सँपल रेटने, म्हणजे सेकंदाला ध्वनीच्या नमुन्यांच्या ठरावीक संख्येने, पुढे पाठवली जाते. प्रवाह एकच असल्यामुळे दरही एकच असावा लागतो, आणि फाइलचा दर वेगळा असेल तर बदल फाइललाच सोसावा लागतो.

सीडीचा दर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा आहे. हा विचित्र वाटणारा आकडा सुरुवातीच्या काळात ध्वनीचे आकडे व्हिडिओ टेपवर नोंदवले जात त्यातून आला: सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येक फील्डमध्ये वापरता येण्याजोग्या २४५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३ नमुने, यांचा गुणाकार ४४,१०० होतो. व्हिडिओच्या व्यवसायात मात्र ४८,००० हा दर रूढ झाला, आणि विंडोजमध्ये यंत्राचा दर अनेकदा तोच ठेवलेला आढळतो. या दोन दरांचे गुणोत्तर १४७ : १६० आहे. त्याचा अर्थ असा की डॅककडे दर सेकंदाला जाणाऱ्या ४८,००० नमुन्यांपैकी फक्त ३०० नमुने मूळ नमुन्यांच्या क्षणांशी जुळतात. उरलेले ४७,७०० नमुने आजूबाजूच्या मूळ आकड्यांवरून गणित करून नव्याने काढलेले असतात. हे गणित वाईट असते असे मुळीच नाही, आणि चांगल्या पद्धतीने केलेले रूपांतर कानाने ओळखणे फार कठीण आहे, हेही मान्य केले पाहिजे. परंतु ‘बिट-परफेक्ट’ या शब्दाचा अर्थ ‘चांगले’ असा नसून ‘तेच’ असा आहे, आणि येथे तेच आकडे उरलेले नाहीत.

मग यंत्राचा दरही ४४,१०० करून ठेवला तर प्रश्न मिटेल, असे वाटते. तो बराचसा मिटतोही, कारण १६ किंवा २४ बिटांचा पूर्णांक ३२ बिटांच्या दशांश आकड्यात काहीही न गमावता मावतो. पण मिक्सरच्या शेवटी एक लिमिटर बसवलेला असतो. अनेक आवाजांची बेरीज कमाल मर्यादेच्या बाहेर गेली तर कर्कश फाटलेला आवाज येऊ नये म्हणून तो शिखरे दाबतो. मात्र एकटेच गाणे चालू असले तरी तो जागा असतो. गेल्या काही दशकांतील पुष्कळ ध्वनिमुद्रणे इतकी मोठ्या आवाजात मास्टर केलेली आहेत की त्यांची शिखरे कमाल मर्यादेला टेकलेली असतात, आणि नेमकी हीच शिखरे लिमिटरच्या तावडीत सापडतात. माझ्या मते शेअर्ड मोडविरुद्धचा हा मुद्दा सँपल रेटच्या मुद्द्याहून अधिक वजनाचा आहे, तरी त्याची चर्चा कमी होते. शिवाय पुढच्या फाइलचा दर ९६,००० असेल, तर सेटिंग पुन्हा हाताने बदलावे लागते. ते विसरले की फाइलमधला २२ किलोहर्ट्झच्या वरचा भाग वाटेतच गळतो.

वासापीचा दुसरा, एक्सक्लुझिव्ह मोड हा सगळा टप्पाच वगळतो. प्लेअर यंत्र स्वतःच्या ताब्यात घेतो, फाइलचा दर कोणता आहे ते त्याला सांगतो आणि आकडे थेट यंत्राच्या बफरमध्ये ठेवतो. अनेक चांगल्या डॅकमध्ये ४४,१०० आणि ४८,००० या दोन्ही घराण्यांच्या दरांसाठी वेळेचे ठोके देणारे स्वतंत्र स्फटिक असतात, ते या वेळी आपापल्या दराप्रमाणे वापरात येतात. ही मुभा देण्यासाठी `mmsys.cpl` ही आज्ञा चालवून यंत्राच्या गुणधर्मांतील Advanced या पानावर `Allow applications to take exclusive control of this device` हा पर्याय चालू ठेवावा लागतो, आणि मग प्लेअरच्या आउटपुटच्या यादीत, उदाहरणार्थ फूबार२०००मध्ये, डॅकच्या नावापुढे exclusive असे लिहिलेली नोंद निवडावी लागते.

यानंतर नवख्या माणसाला दोन गोष्टी बिघाडासारख्या वाटतात. पहिली म्हणजे गाणे चालू असताना व्हिडिओचा आवाजच येत नाही; हा दोष नसून ताबा मिळाल्याची खूण आहे. दुसरी म्हणजे काही डॅक १६ बिटांचा प्रवाह स्वीकारत नाहीत, त्यांना २४ किंवा ३२ बिटच लागतात, आणि प्लेअर चूक दाखवून थांबतो. अशा वेळी प्लेअरमध्ये २४ बिट निवडले की प्रत्येक आकड्याच्या शेपटीला आठ शून्ये जोडली जातात. मूळ १६ बिट शाबूत राहतात, त्यामुळे हे बिट-परफेक्टच मानले जाते. खरी काळजी आवाजाच्या पातळीची घ्यावी: विंडोजची पट्टी आता निरुपयोगी ठरू शकते आणि गाणे एकदम पूर्ण जोरात सुरू होऊ शकते, म्हणून हेडफोन कानाला लावण्यापूर्वी डॅकची किंवा ॲम्प्लिफायरची खुंटी खाली आणावी. प्लेअरमधल्या पट्टीने आवाज कमी केला तर आकडे बदलतात हे खरे. पण लहरीची उंची निम्मी केल्यावर एकच बिट खर्ची पडतो, आणि १६ बिटांचे संगीत २४ बिटांत जात असताना हा खर्च भिण्यासारखा नसतो.

आकडे खरोखर तेच आहेत याची खात्री कशी करावी? डॅकवर दर दाखवणारा पडदा किंवा दिवा असेल, तर एक ४४,१०० ची आणि एक ९६,००० ची फाइल लागोपाठ वाजवावी; पडद्यावर दोन्ही वेळा ४८,००० दिसले तर आकडे बदलत आहेत हे सिद्ध होते. दर बदलताना दिसला तरी मात्र बिट-परफेक्ट असल्याचे सिद्ध होत नाही, कारण प्लेअरमधील इक्वलायझर किंवा गाण्यांची पातळी समान करणारी रिप्लेगेनसारखी सोय चालू असू शकते. आरएमई कंपनीच्या एडीआय-२ मालिकेतील डॅकमध्ये यासाठी खास चाचणी आहे: कंपनीने दिलेली फाइल वाजवली आणि तिच्यातील आकड्यांचा ठरावीक क्रम जसाच्या तसा पोहोचला, तर यंत्र स्वतःच तसे दाखवते. घरी डिजिटल इनपुट असलेला होम थिएटरचा रिसीव्हर असेल, तर डीटीएस सीडीवरून उतरवलेली फाइल तेवढीच उपयोगी पडते. त्या फाइलमध्ये सांकेतिक रूपातील बहुवाहिनी ध्वनी साध्या १६ बिटांच्या, ४४,१०० दराच्या स्टीरिओचा वेश घेऊन बसलेला असतो. आकडे शाबूत पोहोचले तर रिसीव्हरवर DTS ही अक्षरे उमटतात आणि सगळ्या स्पीकरमधून संगीत येते. वाटेत कोणी पातळी किंचित जरी बदलली, तर संकेत मोडतो आणि स्पीकरमधून नुसती खरखर ऐकू येते.