दुबार नोंद दिसते, पण सापडत नाही

यादीत ‘Satara’ चार वेळा आलंय. डोळ्याला चारही सारखेच दिसतात. एक्सेलमध्ये Remove Duplicates चालवलं की चारापैकी एकच ओळ जाते, तीन उरतात. संगणक चुकलेला नसतो. आपण अक्षरांचे आकार पाहतो आणि तो त्यामागचे आकडे पाहतो. या दोन पाहण्यांत अंतर पडायला काही दशकं लागली.

पंचकार्डाच्या काळात हे अंतर जवळजवळ नव्हतं. आयबीएमच्या कार्डावर ८० स्तंभ असत. त्यातले समजा वीस नावासाठी राखून ठेवले आणि नाव सहा अक्षरांचं असलं, तर उरलेले चौदा स्तंभ कोरेच राहायचे. हे प्रत्येक कार्डावर तसंच होत असल्याने शेवटच्या मोकळ्या जागेवरून दोन नावं वेगळी ठरण्याचा प्रश्नच येत नसे. मजकूरही सहसा कॅपिटलमध्येच असे. अक्षरांना आकडे ठरवून देणाऱ्या अॅस्की मानकाच्या १९६३ सालच्या पहिल्या आवृत्तीतसुद्धा स्मॉल अक्षरं नव्हती. ती १९६७ च्या आवृत्तीत स्थिरावली. A चा आकडा ६५ आणि a चा ९७, म्हणजे बरोबर ३२ चा फरक. वाचणाऱ्याला तेच अक्षर, यंत्राला दोन.

पुढे डेटाबेसमध्ये कमी-जास्त लांबीचे रकाने आले आणि शेवटची स्पेस मोजायची की नाही, हा वाद सुरू झाला. एसक्यूएलच्या १९९२ च्या मानकात तुलनेआधी आखूड मजकुराला स्पेस जोडून लांबी सारखी करण्याची सोय होती. मायएसक्यूएलच्या जुन्या क्रमवाऱ्यांत, म्हणजे मजकूर जुळवण्याच्या नियमांत, शेवटची स्पेस धरली जात नाही, पण ८.० पासून आपोआप लागू होणाऱ्या क्रमवारीत ती धरली जाते. त्यामुळे तीच यादी तशीच ठेवून नुसता सर्व्हर बदलला, तरी दुबार नोंदींची संख्या बदलू शकते.

खरा चकवा मात्र १६० क्रमांकाच्या चिन्हाचा, म्हणजे नॉन-ब्रेकिंग स्पेसचा. आकडा आणि एकक ओळीच्या टोकाला तुटून वेगळे होऊ नयेत, एवढ्यासाठी ते चिन्ह आहे. १९८७ च्या आयएसओ ८८५९-१ या चिन्हसंचात त्याला ही जागा मिळाली. नव्वदच्या दशकात वेबपानं बनवणाऱ्यांनी त्याचा भलताच उपयोग शोधला. तक्त्यातल्या रिकाम्या चौकटीला ब्राउझर कडा काढत नसे, म्हणून तिच्यात ` ` भरायचं. वेबपानावरचा तक्ता कॉपी करून शीटमध्ये चिकटवला की हे पाहुणे आजही सोबत येतात. एक्सेलचं `TRIM` फक्त ३२ क्रमांकाची स्पेस ओळखतं आणि `CLEAN` ० ते ३१ ही नियंत्रण-चिन्हं काढतं. १६० दोघांच्याही हातून निसटतं.

आता A2 ते A5 मधल्या त्या चार ओळींकडे परत येऊ. पहिली `Satara`, दुसरी `SATARA`, तिसरीच्या शेवटी साधी स्पेस, चौथीच्या शेवटी १६०. एक्सेल लहान-मोठी अक्षरं एकच धरतं, म्हणून दुसरी ओळ गेली. `TRIM` केल्यावर तिसरीही जाते. पायथनच्या `set` मध्ये मात्र मूळ चारही वेगळ्याच राहिल्या असत्या. चौथी पकडायची तर लांबी आणि शेवटचं चिन्ह विचारावं:

```
=LEN(A5)
=UNICODE(RIGHT(A5,1))
```

सहाऐवजी ७ आणि त्यापाठोपाठ १६० असं उत्तर आलं की चोर सापडला. मग शेजारच्या रकान्यात सफाई करून त्या रकान्यावर तुलना करायची, मूळ रकान्याला हात लावायचा नाही:

```
=TRIM(CLEAN(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," ")))
```

एक खोच आहे. सेलमध्ये Alt+Enter ने ओळ तोडलेली असेल, तर `CLEAN` ते चिन्ह काढतं पण जागी स्पेस ठेवत नाही. त्यामुळे दोन शब्द एकमेकांना चिकटतात. तिथे आधी `CHAR(10)` च्या जागी स्पेस घालावी.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉलची कटकट नाही, पण न दिसणारी चिन्हं आहेत. ‘दऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून हलन्त दिलेला असतो, तेव्हा लांबी ५. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचं जोडचिन्ह, U+200D, तेव्हा लांबी ६. पडद्यावर दोन्ही सारखेच, आणि युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. म्हणून कोणी सरसकट सगळी शून्य रुंदीची चिन्हं पुसून टाकतो. तसं केलं तर पहिला शब्द ‘दऱ्या’च राहतो आणि दुसऱ्यातल्या र चा रफार होऊन ‘दर्या’ उरतो. दुबार नोंद जुळत नाहीच, वर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. इथे आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालावं, बाकीची सफाई त्यानंतर.